कानाला दडा बसलाय, मग नाकात दुर्बीण कशाला?

‘माझं वय ५६. मधुमेह आणि रक्तदाब, दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. महिन्यापूर्वी सर्दी झाली होती. ती बरी झाली, पण तेव्हापासून उजव्या कानाला दडा बसलाय. त्या बाजूने कोणी बोललं तर नीट कळत नाही, आत सूं सूं आवाज येत राहतो. दुखत मात्र नाही. मळच असणार म्हणून आठ दिवस कोमट तेल सोडलं, काडीने कोरूनही पाहिलं. फरक नाही. मुलगी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चल म्हणते. पण शेजारच्या बाई कानाच्याच तक्रारीसाठी गेल्या, तर त्यांच्या नाकात दुर्बीण घातली आणि वर दोन चाचण्या करायला लावल्या. मला नाकात नळी घालायची फार भीती वाटते. “फक्त मळ काढून द्या, बाकी काही नको” असं सांगितलं तर चालेल ना?’
– एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, आधी एका प्रश्नाचं उत्तर मनाशी द्या, कारण पुढचं बरंच त्यावर ठरतं. ऐकू येणं कमी झालं ते कसं? सर्दीबरोबर हळूहळू कान जड होत गेला, की एका सकाळी उठल्यावर किंवा दोन-तीन दिवसांत कानच गेल्यासारखं झालं? पत्रात तुम्ही सर्दीचं सांगितलंत, पण हे सांगायचं राहिलंय. तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकू येणं एकदम उतरलं असेल तर तो कानाच्या नसेचा आजार असू शकतो. त्यात स्टिरॉइडचं औषध लागतं आणि ते जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू होईल तितका उपयोग जास्त. असं झालं असेल तर महिना उलटला असला तरी उद्याच जा, कारण काही उपचार उशिरानेही करून पाहता येतात. आणि हे वाचणाऱ्या ज्या कोणाचा कान काल-परवा असा अचानक बंद झाला असेल, त्यांनी ‘मळ असेल, बघू आठवडाभर’ असं अजिबात म्हणू नये. दुखत नाही, म्हणून घाई नाही, हा हिशेब इथे चुकतो. नसेचा हा आजार सहसा दुखतच नाही.

घरी एक साधी गोष्ट करून पाहा. शांत खोलीत बसा, तोंड मिटा आणि ‘म्‌ऽऽऽ’ असा गुणगुणल्यासारखा सूर धरा. तो सूर कोणत्या बाजूला मोठा वाटतो? आता चांगल्या, म्हणजे डाव्या कानात बोट घालून पुन्हा तोच सूर धरा. बोट घातलेल्या कानातच तो घुमेल. बाहेरून वाट बंद झालेल्या कानात आपलाच आवाज मोठा होतो, तो असा. तेव्हा बोट न घालता सूर उजव्या, दडा बसलेल्या कानात मोठा वाटत असेल, तर अडथळा बहुधा वाटेत आहे, मळाचा किंवा पडद्यामागच्या पाण्याचा. सूर चांगल्या कानाकडे सरकत असेल तर नसेची शंका घ्यायची आणि दिरंगाई करायची नाही. हा अंदाज आहे, निदान नव्हे. पण डॉक्टर कंप पावणाऱ्या धातूच्या काट्याने जी पहिली परीक्षा घेतील तिचं तत्त्व नेमकं हेच, म्हणून ती तुम्हाला परकी वाटणार नाही.

आता मळाचं. तुमच्या हकिकतीत मळाची शक्यता आहे, पण पहिल्या क्रमांकावर नाही. मळाचा कान बहुतेक वेळा डोक्यावरून अंघोळ केल्यावर किंवा पोहून आल्यावर बसतो. आत पाणी जातं, सुकलेला मळ फुगतो आणि वाट बुजते. सर्दीने मळ होत नाही. सर्दीनंतर जो कान बसतो आणि सर्दी गेली तरी सुटत नाही, त्यात पडद्याच्या आतल्या बाजूला पाणी साठलेलं असण्याचा संभव जास्त. काडीने मळ निघतो त्याहून जास्त आत ढकलला जातो. कानाची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब, तिच्या टोकाला पडदा, त्यामुळे काडी कुठवर गेली हे आपल्याला कळतच नाही. तेलाचं वेगळंच. पडद्याला भोक असेल तर ते सरळ आत उतरतं, आणि ओलसर राहिलेल्या कानात बुरशी धरते. मधुमेह असला की कानाच्या नळीचा संसर्ग चिवट होतो आणि क्वचित आतल्या हाडापर्यंत जातो. म्हणून आजपासून तेल बंद, काडी बंद, कानात कापसाचा बोळाही नको. अंघोळीच्या वेळी मात्र बाहेरून व्हॅसलीन लावलेला बोळा ठेवा आणि नंतर काढून टाका.

शेजारच्या बाईंच्या नाकात दुर्बीण का घातली असेल, तेही इथेच सांगतो. पडद्याच्या मागे एक लहानशी हवेची पोकळी असते. तिच्यातून साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास लांबीची एक बारीक नळी निघते आणि नाकाच्या अगदी मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला उघडते. एरवी ती मिटलेली असते. आपण घोट गिळतो, जांभई देतो तेव्हा क्षणभर उघडते आणि आतली हवा ताजी होते. घाट उतरताना कान बसतो आणि आवंढा गिळला की सुटतो, तो या नळीमुळेच. सर्दीत तिचं तोंड सुजतं आणि ती उघडेनाशी होते. आतली हवा हळूहळू शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत पाणी झिरपतं. म्हणजे लक्षण कानात आणि मूळ नाकाच्या मागे. तिथे आरशाने किंवा दुर्बिणीनेच बघता येतं, नुसत्या डोळ्यांनी नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते स्पष्टच सांगायला हवं. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठलं आणि ते हटत नसेल, तर नळीच्या तोंडाशी एखादी गाठ दाबत नाही ना, हे पाहणं डॉक्टरांचं कर्तव्य आहे. अशी गाठ आपल्याकडे विरळाच आढळते. तुमच्याबाबतीत सर्दी हेच कारण असण्याचा संभव कितीतरी जास्त आहे. पण ही गाठ सुरुवातीला दुखत नाही, नाकातून ती बाहेरून दिसत नाही, आणि कधी कधी एका कानाचा दडा हीच तिची पहिली खूण असते. म्हणून ‘बाकी काही नको’ या तुमच्या वाक्यातलं ‘बाकी’ म्हणजे नेमकं काय काय आहे, हे आधी बघू. मग ठरवा.

जाण्याआधी फारसं काही करायचं नाही. उपाशी राहायची गरज नसते. मधुमेह आहे तेव्हा वेळेवर खाऊनच जा, फक्त भरपेट जेवून लगेच नको, कारण घसा तपासताना उबळ येते. गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, तेवढं पुरे. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, ‘पांढरी लहान गोळी’ म्हणून कोणाला काही कळत नाही. शेवटचा साखरेचा रिपोर्ट असेल तर तोही न्या. आदल्या रात्री लग्नाची वरात, डीजे, ढोल-ताशा यांपासून लांब राहा. मोठ्या आवाजाने कान काही तास बधिर होतो आणि ऐकण्याची चाचणी चुकते.

आत गेल्यावर डॉक्टर आधी विचारतील. कोणता कान, कधीपासून, एकदम की हळूहळू. कानातून पाणी किंवा पू येतो का, चक्कर येते का, आवाज शिट्टीसारखा, वाऱ्यासारखा की नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. नाकातून रक्त, आवाजात बदल, मानेला गाठ, तंबाखू-मशेरी, पूर्वी कानाचं ऑपरेशन. यात तेल आणि काडीचं लाजून लपवू नका. पडद्यावर तेलाचा थर असला की तो खराब झाल्यासारखा दिसतो. कानाच्या नळीला ओरखडा दिसला तर तो कशाचा, हे त्यांना तुमच्याकडूनच कळायला हवं.

मग कान तपासतील, आणि सुरुवात चांगल्या कानापासून होईल. गोंधळू नका, ते डावा-उजवा विसरलेले नसतात. तुमचा निरोगी पडदा कसा दिसतो हे आधी पाहिलं की दुसरा ताडून बघता येतो. कानाची पाळी वर आणि मागे ओढतात, त्याने वाकडी नळी सरळ होते, आणि दिवा असलेलं लहान नरसाळं पुढच्या भागात टेकवतात. दुखत नाही. पाळी ओढतानाच कळ आली तर तसं सांगा, ती नळीच्या संसर्गाची खूण असते. खोकला येईल कदाचित, तोही नेहमीचाच. नळीतल्या एका नसेचं घशाशी नातं असतं.

निरोगी पडदा मोत्यासारखा करडा, चकचकीत दिसतो आणि पुढच्या-खालच्या बाजूला उजेडाचा एक त्रिकोण चमकतो. पाणी साठलं असेल तर पडदा निस्तेज, कधी पिवळसर, आत ओढलेला दिसतो, आणि नशीब असेल तर त्यामागे पाण्याची रेघ किंवा बुडबुडेही दिसतात. अलीकडे बऱ्याच दवाखान्यांत हे सगळं पडद्यावर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर, दाखवतात. तुम्ही मागून घ्या. आपल्याच कानाचा पडदा पाहिला की पुढचं बोलणं समजायला सोपं जातं.

मळ दिसला तर तो आधी काढावा लागेल, त्यामागचं काही दिसत नाही म्हणून. मऊ असेल तर बारीक आकड्याने किंवा ओढून घेणाऱ्या यंत्राने तिथल्या तिथे निघतो. यंत्राचा आवाज कानात फार मोठा येतो आणि थोडी चक्कर आल्यासारखं होतं, तेव्हा डोकं हलवू नका, हात वर करा, ते थांबतील. मळ दगडासारखा असेल तर चार-पाच दिवस थेंब घालून परत बोलावतील. थेंबांनी मळ फुगतो आणि कान आणखी बंद झाल्यासारखा वाटतो. औषध उलटलं असं समजून ते मध्येच सोडू नका. पिचकारीने पाणी मारून कान धुवायचा असेल तर पाणी अंगाइतकं कोमट लागतं, गार किंवा गरम पाण्याने गरगरतं. पडद्याला भोक आहे किंवा पूर्वी होतं असं कोणी सांगितलं असेल, तर ते पिचकारीआधी सांगा. मधुमेह असल्याचंही सांगा, कारण तुमच्या कानात पाण्यापेक्षा कोरड्या पद्धतीने मळ काढणं बरं. रस्त्यावर किंवा जत्रेत कान साफ करून देणाऱ्यांपुढे तर तुमच्यासारख्यांनी कान मुळीच देऊ नये.

पुढे काटा येईल. हा धातूचा, दोन पाती असलेला चिमटा. कोपरावर किंवा गुडघ्यावर आपटला की कंप पावतो, बहुतेक वेळा ५१२ कंपांचा असतो. त्याची दांडी कपाळाच्या मध्यावर टेकवून विचारतील, आवाज कुठे येतो? तुमच्या गुणगुणण्याचीच ही परीक्षा. मग दांडी कानामागच्या हाडावर टेकवून, आणि पाती कानासमोर धरून विचारतील, मोठा आवाज कोणता, मागचा की पुढचा? निरोगी कानाला पुढचा, हवेतला आवाज मोठा लागतो. मागचा, हाडावरचा मोठा लागला तर वाटेत अडथळा आहे. इथे लोक एक चूक करतात. ‘आजारी कान कमी ऐकतो, मग आवाज चांगल्या कानातच यायला हवा’ असा तर्क लढवून उत्तर देतात. तुम्हाला जिथे ऐकू येईल तिथेच सांगा, कितीही विचित्र वाटलं तरी. दोन मिनिटांच्या या परीक्षेवर नस की वाट, हा पहिला फाटा ठरतो.

यानंतर नाक, तोंड आणि मान. नाकपुडी किंचित रुंद करून दिव्याच्या उजेडात मधला पडदा वाकडा आहे का, सूज आहे का हे पाहतात. नाकाखाली थंड चमचा धरून दोन्ही बाजूंची वाफ सारखी उमटते का, हेही बघतात. जीभ दाबून गलग्रंथी, पडजीभ, टाळू. मग मागे उभं राहून दोन्ही हातांनी मान चाचपतात, गाठींसाठी. यात कुठेही दुखत नाही आणि पाच मिनिटांत संपतं.

आता तुमची नाकातल्या नळीची भीती. ती नळी म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक, साधारण चार मिलिमीटर जाड. कधी सरळ, ताठ दुर्बीण असते, कधी वळणारी मऊ नळी. कोणती वापरणार, हे विचारून घ्या. नाक अरुंद असेल किंवा भीती जास्त असेल तर मऊ नळी मागण्यात गैर काही नाही, उपलब्ध असेल तर बहुतेक डॉक्टर ती वापरतील. घालण्याआधी बधिर करणाऱ्या आणि सूज उतरवणाऱ्या औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकात ठेवतात, किंवा फवारा मारतात, आणि पाच-दहा मिनिटं थांबतात. सगळी गंमत या दहा मिनिटांत आहे. गर्दीच्या वेळी पट्ट्या ठेवून दोन मिनिटांत दुर्बीण घातली की दुखतं, आणि ‘फार त्रास झाला’ अशा ज्या गोष्टी ऐकू येतात त्यामागे बरेचदा ही घाई असते. म्हणून खुर्चीवर बसताना शांतपणे म्हणा, ‘डॉक्टर, बधिर होईपर्यंत थांबलं तर चालेल ना?’ सूज उतरवणाऱ्या औषधाने रक्तदाब थोडा वाढू शकतो, तेव्हा रक्तदाबाची त्या वेळी पुन्हा एकदा आठवण करून द्या. पूर्वी दात काढताना बधिर करण्याच्या औषधाचा त्रास झाला असेल तर तेही.

औषध घशात उतरलं की कडू लागतं आणि घसा जाड झाल्यासारखा वाटतो. गिळता येत नाही असा भास होतो, पण गिळता येतं. याच क्षणी माणसं घाबरून उठतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं. दुर्बीण आत जाताना दाब जाणवतो, डोळ्यांत पाणी येतं, शिंक यावीशी वाटते. डोकं मागे न झटकता खुर्चीला टेकवून ठेवा, तोंड उघडं ठेवून हळू श्वास घ्या, आणि मध्येच बोलायचा प्रयत्न करू नका. डॉक्टर ‘आवंढा गिळा’ म्हणतील, कारण त्या वेळी कानाकडून येणाऱ्या नळीचं तोंड उघडतं की नाही ते त्यांना दिसतं. दोन्ही बाजू मिळून दोन-तीन मिनिटं. नंतर तासभर, घसा नेहमीसारखा वाटेपर्यंत, काही खाऊ-पिऊ नका, ठसका लागतो. इन्सुलिन घेत असाल तर हा तास लक्षात घेऊन जेवण आधी उरका. नाकातून एखादा रक्ताचा थेंब आला तर चालतं. धार लागली तर नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरून पुढे वाकून बसा, आणि न थांबल्यास दवाखान्याला कळवा.

राहिल्या दोन चाचण्या, आणि त्या दोन्ही कानाच्याच आहेत. दोन्हींत सुई नाही, रक्त नाही.

पहिली ऐकण्याची. एका बंद, शांत खोलीत हेडफोन लावून बसवतात आणि हातात बटण देतात. कानातले, चश्मा काढून ठेवा. बारीक, मग जाड, असे वेगवेगळ्या सुरांचे आवाज येतात, आणि ऐकू आला की बटण दाबायचं. नियम एकच, आवाज कितीही पुसट असला, ‘आला की नाही’ अशी शंका वाटली तरी दाबायचं. स्पष्ट ऐकू येईपर्यंत वाट पाहणारी माणसं आहेत त्यापेक्षा बहिरी ठरतात. तुमच्या कानात सूं सूं असल्यामुळे खरा आवाज कोणता ते कळणार नाही. तसं आधी सांगा, मग तुटक तुटक आवाज देऊन तपासता येतं. पुढच्या टप्प्यात कानामागच्या हाडावर एक लहान ठोकळा लावतात आणि दुसऱ्या कानात वाऱ्यासारखा घोंघाट सोडतात. तो घोंघाट यंत्र बिघडल्याचा नाही. उजवा कान तपासताना डाव्याने मधे बोलू नये म्हणून त्याला गुंतवून ठेवलेलं असतं. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. बाहेरच्या खोलीत, पंखा चालू, लोक बोलतायत, अशा ठिकाणी ही चाचणी होत असेल तर निकालावर फार भरवसा ठेवता येत नाही. तिथे ‘शांत खोली आहे का’ असं विचारायला संकोच करू नका.

दुसरी पडद्याच्या हालचालीची. कानात रबरी बोंडशी बसवतात, आतली हवा किंचित कमी-जास्त करतात, आणि पडदा किती हलतो याचा आलेख निघतो. कान बसल्या-सुटल्यासारखं वाटतं, बस. एका कानाला मिनिटभरही लागत नाही. त्या वेळी बोलू नका, गिळू नका, आलेख वाकडा येतो.

दोन्ही कागद हातात आले की ते वाचता येणं अवघड नाही. पहिल्या कागदावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खूण जितकी खाली तितकं ऐकू येणं कमी. २५ डेसिबलच्या रेघेच्या वर, म्हणजे त्याहून लहान आकड्यांच्या पट्ट्यात खुणा असतील तर कान ठीक धरतात. समजा, तुमच्या उजव्या कानाच्या लाल खुणा ४० च्या आसपास आल्या, पण हाडावरच्या ठोकळ्याच्या खुणा १० ते १५ वरच राहिल्या. याचा अर्थ नस शाबूत आहे, आवाज वाटेत अडतोय. मळ आधीच काढलेला असेल, तर अडथळा पडद्यापलीकडे. मग दुसरा कागद बघा. निरोगी कानाचा आलेख डोंगरासारखा, मधे टोक असलेला येतो. तुमचा सपाट आला, म्हणजे पडदा हलतच नाही. सपाट आलेखाशेजारी कानाच्या नळीत किती हवा मावते त्याचा आकडा छापलेला असतो. मोठ्या माणसात तो साधारण एका मिलिलिटरच्या आसपास असतो. तेवढाच असेल तर पडद्यामागे पाणी. त्याहून बराच मोठा असेल तर पडद्याला भोक असून हवा आत शिरतेय. अगदी लहान असेल तर मळ उरलाय किंवा बोंडशी भिंतीला टेकलीय, आणि चाचणी पुन्हा करायला हवी. सपाट रेघ बघून घाबरणाऱ्यांनी, किंवा घाबरवणाऱ्यांनी, हा आकडा बघितलेला नसतो.

असं चित्र आलं आणि दुर्बिणीत नाकामागे नुसती सूज दिसली, तर सर्दीनंतरचं पाणी असं निदान होतं. ते बहुतेक वेळा काही आठवडे ते तीन महिन्यांत आपसूक ओसरतं. डॉक्टर नाकातला फवारा देतील, कदाचित नाक धरून हलकेच हवा दाबायला शिकवतील (ती जोरात नाही, आणि सर्दी असताना नाही), आणि महिना-दीड महिन्याने दोन्ही चाचण्या पुन्हा करायला सांगतील. तीन महिन्यांनीही पाणी तसंच असेल तर पडद्यात बारीक छेद देऊन ते काढण्याचा विचार होतो. उलट लाल खुणा आणि हाडाच्या खुणा दोन्ही मिळून खाली गेल्या, तर आजार नसेचा, आणि तिथे उपचार त्याच दिवशी ठरतात. स्टिरॉइडने साखर वाढते, म्हणून तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करायचा. एका बाजूची नस दुसरीपेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर एमआरआय सांगतात, मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ नाही याची खात्री करायला. वाढत्या वयाने दोन्ही कानांचे बारीक सूर थोडे खाली येतातच, त्यावरून मनाला लावून घेऊ नका.

आता नकार देण्याबद्दल. कोणतीही तपासणी नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त दारातच ‘मळ काढा, बाकी नको’ म्हणण्यापेक्षा प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारा: ‘याचा निकाल असा आला किंवा तसा आला, तर उपचारात काय बदलेल?’ उत्तर समोरच्याला देता आलं पाहिजे. आपणच हा प्रश्न लावून पाहू. मळ काढल्याबरोबर कान मोकळा झाला, पडदा मोत्यासारखा दिसला, काट्याची परीक्षा दोन्ही कानांना सारखी आली, तर दुर्बीण आणि दोन्ही चाचण्या तूर्त नकोत म्हणायला हरकत नाही. कान तसाच राहिला तर ऐकण्याची चाचणी टाळू नका, कारण नस की वाट हे तिच्याशिवाय पक्कं होत नाही. पडद्यामागे पाणी निघालं तर दुर्बीण टाळू नका, मी वर सांगितलं त्या कारणासाठी. मात्र पहिल्याच भेटीत, दुर्बीण न करता, सायनसचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन सांगितला तर जरूर विचारा. तुमच्या तक्रारीत एक्स-रेवरून फारसं काही ठरत नाही. सीटी उपयोगी पडतो तो दुर्बिणीत काही संशयास्पद दिसलं किंवा पाणी महिनोन्‌महिने हटलं नाही तर.

पैशांचा संशय येतो तो बरेचदा आकडा शेवटी कळतो म्हणून. खासगी दवाखान्यात तपासणी फी वेगळी, दुर्बीण वेगळी, दोन चाचण्या वेगळ्या लागतात. नाव नोंदवतानाच सगळे आकडे विचारून घ्या आणि चाचण्या त्याच ठिकाणी करणं सक्तीचं नाही हे लक्षात ठेवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून हे सगळं फार कमी खर्चात होतं, फक्त ऐकण्याच्या चाचणीसाठी दुसऱ्या दिवसाची तारीख मिळू शकते. तेव्हा दोन फेऱ्यांच्या तयारीने जा.

मुलीला सोबत न्या. एका कानाने कमी ऐकू येत असताना तोंडी सांगितलेल्या सूचना अर्ध्या निसटतात. निघताना दोन्ही आलेखांची मूळ प्रत किंवा झेरॉक्स मागून घ्या. दीड महिन्याने दुसरे आलेख निघतील तेव्हा लाल खुणा ४० वरून वर सरकल्या की तिथेच राहिल्या, हे या कागदांशेजारी ठेवूनच कळेल. तोवर दडा वाढला, चक्कर येऊ लागली, कानातून पाणी किंवा रक्त आलं, तोंड एका बाजूला वाकडं वाटलं, किंवा रात्री झोपू न देणारी कळ सुरू झाली, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.